बचत करू नका, माझं दुकान चालू दे

पोरांनो, पोरींनो, तुमच्या सरांनी मला इथं उभं केलं, ही सरळ सरळ चूक आहे. विषय काय दिलाय? 'खिसाखर्चातली थोडी ठरावीक रक्कम शिल्लक का टाकावी.' आणि बोलायला कोण? तर कॉलेजच्या फाटकासमोर मोबाइलची कव्हरं, इअरफोन आणि चार्जर विकणारा माणूस. म्हणजे दुधाची राखण मांजराकडे. वीस वर्षं तुमच्यासारख्यांच्या खिशातून सुटलेल्या पैशांवर माझं घर चाललंय. येळ्ळूर, खानापूर, कंग्राळी, हिंडलग्याहून लाल बसनं येणारं पोरगं बसपासवर येतं, म्हणजे तिकिटाचे पैसे वाचतात. ते वाचलेले पैसे कुठं जातात हे तुम्हाला ठाऊक नसेल, पण मला पक्कं ठाऊक आहे. तेव्हा मी आज तुम्हाला मनापासून सांगणार आहे, बचत करू नका. आणि ती होऊ नये म्हणून काय काय करायचं, तेही सांगतो.

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे, महिनाअखेरीला जे उरेल ते शिल्लक टाकायचं. हे वाक्य तुमच्या आईवडिलांनाही आवडतं, कारण ते शहाण्यासारखं वाटतं. त्याची गंमत अशी की काही उरतच नाही. दोन हजार मिळाले तर दोन हजार जातात, तीन हजार मिळाले तर तीन. पैसा हातात असला की खर्च त्याच्या मापानं फुगतो. महिन्याच्या वीस तारखेनंतर माझ्या दुकानात फक्त टेम्पर्ड ग्लास खपतात, कारण फुटलेली काच थांबत नाही. पण पहिल्या आठवड्यात निळा इअरफोन असताना काळाही लागतो. म्हणून सांगतो, 'उरेल ते' हेच धोरण ठेवा. आधी बाजूला काढून मग खर्च करणारी माणसं धंद्याला फार घातक असतात.

असलं एक घातक माणूस माझ्याच घरात आहे. माझी भाची, खानापूरची. इथं बी.कॉम. करते. तिला आणि तिच्या सख्ख्या भावाला घरून महिन्याला दोन-दोन हजार येतात. जेवण, भाडं, पास वेगळं. दोन हजार निव्वळ वरखर्चाला. दोघांनी एकाच दिवशी, एकाच जेवणाच्या ताटावर ठरवलं की आपण बचत करायची.

भाच्याचं बघा. पोरगा मर्दासारखा म्हणाला, "मामा, मी हजार टाकणार. निम्मे." मी लगेच पाठ थोपटली. पाठ थोपटण्यासारखंच होतं, कारण एवढी मोठी रक्कम कुणी महिनाभरसुद्धा टिकवत नाही. शिवाय त्यानं ते हजार त्याच खात्यात ठेवले, ज्या खात्याला फोनमधलं यूपीआय जोडलेलं आहे. वेगळं काही केलं नाही. फक्त मनात ठरवलं की यातले हजार 'आपले नाहीत'. पण स्कॅन करताना खात्याला काय कळतंय, हे हजार बचतीचे आणि ते हजार चहाचे? आठ तारखेला गल्लीतल्या गणपतीची वर्गणी आली. वर्गणीला नाही म्हणायचं म्हणजे गल्लीत तोंड दाखवायचं नाही. मग मित्राचा वाढदिवस. मग माझ्याकडचाच ३९९ चा इअरफोन, मामाच्या दुकानातला म्हणून ३५० ला. एकवीस तारखेला खात्यात ८२ रुपये होते. पुढच्या महिन्यात त्यानं हजाराचं पाचशेही केलं नाही. थेट सोडूनच दिलं. म्हणाला, "मामा, मला बचत जमत नाही."

हे वाक्य मी दुकानात फ्रेम करून लावणार आहे. जमली नाही ती बचत नव्हे, जमला नाही तो आकडा. पण हे त्याला सांगितलं असतं तर माझा इअरफोन कुणी घेतला असता?

भाची मात्र उलट्या डोक्याची. तिनं ताटावर काहीच सांगितलं नाही. रात्री फोनमध्ये यूपीआयची मागच्या महिन्याची यादी उघडली आणि एकेक ओळ वाचत गेली. चहा, झेरॉक्स, भावाला दिलेले, रिचार्ज. हे सगळं तिला आठवत होतं. पण मधेच दहा, वीस, चाळीस अशा काही ओळी होत्या, ज्या कशासाठी गेल्या ते तिला काही केल्या आठवेना. त्यांच्यापुढं तिनं टिंब दिलं. टिंबांची बेरीज झाली ३४०. मला म्हणाली, "मामा, हे पैसे खर्च करून मला मजासुद्धा आली नाही. आली असती तर आठवलं असतं की." मला हे बोलणं अजिबात आवडलं नाही. माझा निम्मा धंदा त्या टिंबांवर चालतो.

मग तिनं ३४० चं निम्मं धरलं, खालच्या बाजूला वळवलं आणि १५० वर आली. दोन हजारांत दीडशे. मी हसलो. म्हटलं, "अगं, दीडशेत काय होतंय? निदान पाचशे तरी टाक." ती म्हणाली, "गणपतीच्या महिन्यातही जमलं पाहिजे, मामा. एरवी तर कुणालाही जमतंय." तिनं आकडा सगळ्यात वाईट महिन्याला विचारून ठरवला होता, चांगल्या महिन्याला नाही. तिथंच मी हरलो, पण अजून हातपाय मारत होतो.

म्हटलं, मग पोस्टाची आरडी काढ, पाच वर्षांची. सल्ला वरून चांगलाच आहे. पोस्टात महिना शंभर रुपयांपासून खातं निघतं, पुढं दहाच्या पटीत कितीही. सरकारी आहे, बुडत नाही. पण डाव वेगळा होता. तुमची डिग्री तीन वर्षांची, खातं साठ हप्त्यांचं. तीन वर्षं व्हायच्या आत खातं मोडता येत नाही, आणि तीन वर्षांनी मोडलं तर आरडीचं व्याज न देता साध्या बचत खात्याचं देतात. हप्ता चुकला की शंभराला एक रुपया दंड, आणि चार चुकले की खातं बंद पडायला लागतं. एखादं पोर या कचाट्यात सापडलं की जन्मभर म्हणतं, बचतीत काही राम नाही. असं गिऱ्हाईक आयुष्यभर माझं.

भाचीनं काउंटरवर बसलेल्या बाईंना एकच विचारलं, "मध्येच मोडलं तर किती मिळणार?" उत्तर ऐकून ती उठली आणि स्वतःचं बचत खातं होतं त्या बँकेत एक वर्षाची आरडी काढली. घरून पैसे पाच तारखेला येतात, म्हणून हप्ता सहाला आपोआप कापायला सांगितलं. पैसे आले त्याच्या दुसऱ्या दिवशी दीडशे गेले. राहिले अठराशे पन्नास, आणि महिनाभर तिच्या लेखी तिला मिळतात तेवढेच. आरडीतले पैसे स्कॅन करून कुणाला देता येत नाहीत. म्हणजे वाटेत माझं दुकान लागलं तरी ते माझ्यापर्यंत पोचत नाहीत. व्यापाऱ्यावर केवढा हा अन्याय!

आता तुमच्यातला एखादा हुशार विचारेल, व्याज किती? बरोबर विचारलं. बारा महिन्यांचे झाले अठराशे. व्याजाचा दर सहा टक्के धरला तर वर्षाकाठी साठ रुपयांच्या आत व्याज. एक प्लेट पावभाजीसुद्धा येणार नाही. 'पैशाला पैसा जोडतो' वगैरे सांगणारे तुम्हाला हे साठ रुपये कधी मोजून दाखवत नाहीत. दीडशेच्या आरडीनं कुणी श्रीमंत होत नाही, हे मी शपथेवर सांगतो. तेव्हा व्याजाकडं बघूनच निर्णय घ्या आणि माझ्याकडं या.

फक्त अठराशे रुपये एकरकमी हातात असणं काय असतं, ते बघू नका. भाच्याचं सांगतो. फेरतपासणीचे दोन विषय आणि राहिलेली फी धरून त्याला दोन हजार हवे होते, शेवटची तारीख परवा. घरी मागायची लाज, कारण विषय राहिलेत हे घरी सांगितलं नव्हतं. त्यानं फोनवर कर्जाचं एक अ‍ॅप उतरवलं. पाच मिनिटांत तीन हजार मंजूर. खात्यात आले बावीसशे. बाकीचे आठशे 'प्रोसेसिंग' म्हणून आधीच कापलेले. सात दिवसांनी परत करायचे पूर्ण तीन हजार. बावीसशेवर आठवड्याला आठशे, म्हणजे छत्तीस टक्के, तेही वर्षाला नव्हे, आठवड्याला! आमच्याकडचा जुना सावकारसुद्धा इतकं मागायला लाजला असता. आठव्या दिवशी निपाणीच्या आत्याला फोन गेला, "तुमचा भाचा पैसे बुडवून पळालाय." आत्याचा नंबर त्यांना कुठून मिळाला? यानंच फोनमधली नावांची यादी उघडायची परवानगी दिली होती. कर्ज देणाऱ्या अ‍ॅपनी ही यादी उघडू नये, असं रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्येच सांगून ठेवलंय. तेव्हा एखादं अ‍ॅप यादी मागायला लागलं की ते कसलं आहे ते तिथंच कळतं. पण तुम्ही कशाला बघता? 'अलाव' दाबा आणि पुढं चला.

त्या आठवड्यात भाचीची आरडी दहा हप्त्यांची झाली होती. तिनं ती मोडली. व्याज थोडं कापलं गेलं, पंधराशेच्या वर काही हाती आले. उरलेले मी दिले, म्हणजे इअरफोनचे साडेतीनशे त्याच्याच कर्जात परत गेले, वर माझे अकराशे गेले ते वेगळेच. आणि सातव्या दिवसापासून त्या अ‍ॅपनं लावलेला दंड कुणी भरला, ते विचारू नका. तेव्हापासून भाचा महिन्याच्या सहा तारखेला बहिणीला शंभर रुपये देतो. ती ते वहीत लिहिते. वही मला दाखवत नाही.

बघा, बोलता बोलता माझाच तोटा सांगत बसलो. सरांनी दहा मिनिटं दिली होती, ती कधीच संपली. मला सहाच्या आत दुकान गाठायचंय. सहा वाजता पिग्मीवाला येतो. हसू नका. १९२८ साली उडुपीच्या, पुढं सिंडिकेट बँक म्हणून नावारूपाला आलेल्या बँकेनं दारोदार माणूस पाठवून रोज दोन दोन आणे गोळा करायला सुरुवात केली, तेव्हापासून या मुलखातल्या दुकानदाराच्या पाठीमागं हे भूत लागलंय. रोजचे पन्नास. गल्ल्यात विक्री झालेली असो नसो. मी नसलो की तो शेजारच्या पानवाल्याला विचारतो, "शेठ आज पळाले काय ओ?" आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारतो.