डाळिंबाचा रस, रक्तदाब आणि ‘आटोक्यात’ हा शब्द

प्रतिक्रिया: दादा, आधी तुम्ही छातीठोक लिहिलं होतं, ‘डाळिंबाचा रस रक्तदाब आटोक्यात आणतो.’ कुणीतरी टोकल्यावर गुपचूप बदललंत, ‘रक्तदाबासाठी उपयुक्त ठरू शकतो, तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.’ पहिलं चुकीचं असेल, पण दुसऱ्यातून काहीच कळत नाही. बाबा पहिलं वाचून रोज दोन ग्लास पितायत. त्यांना आता काय सांगू?

उत्तर: ताई, गुपचूप बदललं हे खरंय. दुरुस्तीची नोंद लेखाखाली तेव्हाच टाकायला हवी होती, ती आज टाकली.

तुमचा दुसरा मुद्दा मला जास्त लागला. ‘उपयुक्त ठरू शकतो’ लिहून मी फक्त स्वतःची मान सोडवली. तेच वाक्य ताकाबद्दल लिहा, लसणाबद्दल लिहा, कुठेही खपतं. ते खोटं ठरायची सोयच नाही, म्हणून ते खरं असूनही काही उपयोगाचं नाही.

आता पहिलं वाक्य नेमकं कुठे हुकलं ते सांगतो. माझ्यासमोर 2017 सालचं एक विश्लेषण होतं. डाळिंबाच्या रसाच्या आठ चाचण्यांचे आकडे त्यात एकत्र केलेले आहेत. रस पिणाऱ्यांचा वरचा रक्तदाब सरासरी 5 ने आणि खालचा 2 ने कमी भरला. म्हणजे ‘कमी होतो’ म्हणायला आधार होता. माझी चूक ‘आटोक्यात’ या शब्दात होती. डॉक्टर आटोक्यात म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात साधारण 140/90 च्या खालचा आकडा असतो. ज्याचा वरचा 150 आहे त्याचा 145 झाला तर तो कमी झाला, आटोक्यात नाही आला. रक्तदाबाची एक साधी गोळी नेहमीच्या डोसात सरासरी 9 च्या आसपास उतरवते, त्याशेजारी हे 5 ठेवून बघा. शिवाय चाचण्या लहान होत्या आणि बहुतेक काही आठवडे किंवा महिनेच चालल्या. रसाने हार्ट अटॅक किंवा पक्षाघात टळतो, असं त्यांतून दिसत नाही.

खरं सांगायचं तर गावाचं प्रेमही आड आलं. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्या केगावला, सोलापूर डाळिंबाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन. आपल्या फळाबद्दल लिहिताना हात जरा सैल सुटतो.

दुरुस्त केलेला मजकूर आता असा आहे:

‘काही लहान चाचण्यांमध्ये, काही आठवडे ते महिने रोज डाळिंबाचा रस घेतलेल्यांचा वरचा रक्तदाब सरासरी 5 ने कमी झाला. गोळीची जागा घेण्याइतका हा फरक नाही. रसासाठी गोळी स्वतःहून बंद करू नका.’

यात ‘कदाचित’ नाही, ‘शक्यता आहे’ही नाही. किती, किती दिवसांत, कसल्या चाचण्यांत, हे सांगितलं की वाक्याचा जोर आपोआप पुराव्याइतका होतो. शेवटचं वाक्य मात्र मुद्दाम ठाम ठेवलंय. गोळी सोडल्यावर बहुतेकांचा रक्तदाब पुन्हा चढतो याबद्दल शंका नाही, तिथे मऊ बोलणं ही उलटी चूक झाली असती.

हे पूर्वी सुचलं नाही याचं वाईट वाटतं, कारण मी बसतो औषधाच्या दुकानात. मागच्या उन्हाळ्यात एक काका म्हणाले, ‘गोळ्या अर्ध्याच द्या, रस चालू केलाय, 160 चा 148 झाला.’ विचारलं तेव्हा कळलं, 160 मोजला तो जिना चढून आल्या आल्या, दवाखान्यात. 148 मोजला तो घरी, निवांत. रस नसता घेतला तरी एवढा फरक सहज पडला असता.

म्हणून बाबांसाठी: गोळी चालू असेल तर ती तशीच चालू द्या. दोन ग्लासांचा एक करा, निदान साखरेसाठी. 240 मिलीच्या एका ग्लासात फळाचीच साखर 30 ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे सहा-सात चमचे. मधुमेह असेल तर रस सोडा आणि दाणे थोडे खा. किडनीचा त्रास असून पोटॅशियम कमी ठेवायला सांगितलं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक ग्लासही नको. फरक पडतोय का ते बघायचं असेल तर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून, दंड छातीच्या पातळीला ठेवून, दोन-दोनदा मोजा आणि सरासरी काढा. मग रस थांबवून काही आठवड्यांनी तसंच पुन्हा एक आठवडा मोजा. दोन सरासरींत चार-पाचाचा फरक आला, तरी तो रसामुळेच, असं मी छातीठोक म्हणणार नाही. गोळी मधेच बदलली असेल तर मुळीच नाही.

लसणाचा लेखही आज उघडून बघितला. त्यात ‘आटोक्यात’ दोनदा आहे. रविवारी काढतो, या वेळी खाली तारीख टाकून.