फसफसणारी फरशी स्वच्छ होत नसते

«कोटा किंवा मोझॅकची फरशी तेलाने चिकट, काळपट झालीय? एक कप व्हिनेगर किंवा लिंबाचा रस, तीन चमचे खाण्याचा सोडा आणि भांड्यांचा लिक्विड साबण एकत्र करून ओता. फेस आला की समजा मळ निघतोय! जितका साबण जास्त तितकी चमक जास्त. तरी नाही निघालं तर थोडं ॲसिड टाका, पॉलिशवाले पण तेच वापरतात. फरशी आरशासारखी!»

हे गेल्या दिवाळीच्या साफसफाईत आमच्या नात्यातल्या तीन ग्रुपवर फिरलं आणि सांगलीला आईच्या स्वयंपाकघरातही पोचलं. तिथे खाली कोटा आहे, बाहेरच्या खोलीत मोझॅक. त्यामुळे उत्तर द्यायला हाताशी फरशी होती.

आधी फेसाचं बघू. व्हिनेगर आम्ल आणि सोडा अल्कली, म्हणजे दोघं भेटले की एकमेकांना निकामी करतात. फेस म्हणजे त्यातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड. हिशोबच करायचा तर २०० मिली व्हिनेगरमध्ये आठ ते दहा ग्रॅम आम्ल असतं आणि ते संपवायला चहाचे तीन चमचे सोडा जवळपास बरोबर पुरतो. गंमत म्हणजे कृतीत प्रमाण अचूक दिलंय, पण उरतं ते खारट पाणी. त्यात तेल सोडवण्याची ताकद नाही. जे काही निघतं ते साबणाने आणि आपल्या घासण्याने.

सोडा कमी पडला आणि आम्ल उरलं, तर मात्र ते दगडावर काम करायला लागतं. कोटा हा चुनखडीचा दगड, राजस्थानातल्या कोटा-रामगंज मंडी भागातला. शहाबादी आणि ओट्याचा कडप्पा हेही त्याच जातीचे. मोझॅकमध्ये संगमरवराचे तुकडे सिमेंटात बसवलेले असतात, म्हणजे तिथेही चुनाच. आम्ल चुन्याला खातं. आईकडे माळ्यावर उरलेला कोट्याचा एक तुकडा होता. त्याच्या गुळगुळीत बाजूवर लिंबाचे चार थेंब टाकून दहा मिनिटांनी पुसले. तिथे पांढरट, मंद गोल डाग उठला. नखाने खरवडून किंवा धुऊन जाईना, कारण तो चिकटलेला मळ नव्हता. दगडाचा पॉलिश झालेला थरच तिथे उरला नव्हता.

मग लोकांना फरशी ‘निघाल्यासारखी’ का वाटते? मळाबरोबर वरचा दगडही झिजतो आणि ओली असेपर्यंत फरशी छान दिसते. वाळली की पहिल्यापेक्षा मंद. शिवाय आता खडबडीत झालेल्या पृष्ठभागात पुढचं तेल आणखी घट्ट बसतं.

जास्त साबण, जास्त चमक हे तर अगदी उलट आहे. आपल्याकडची बहुतेक मंद फरशी आधीच्या साबणानेच मंद झालेली असते. बादलीभर पाण्यात मूठभर पावडर, एकदाच फिरवलेलं फडकं आणि पंख्याखाली सुकवणं, असं महिनोन्‌महिने चाललं की पाणी उडून जातं आणि साबण तिथेच राहतो. बोअरचं जड पाणी असेल तर साध्या साबणाचा पाण्यातल्या कॅल्शियमशी मिळून न विरघळणारा राखाडी साका होतो. त्यात फोडणीची वाफ बसते, त्यावर धूळ.

आपली फरशी कशामुळे मंद झालीय हे ओळखणं सोपं आहे. फ्रिजमागे किंवा दारामागे फूटभर जागा घ्या आणि साबण न घालता कढत पाण्याने नायलॉनच्या ब्रशने घासा. पाणी दुधाळ, बुळबुळीत झालं तर साबणाचा साका आहे. पाणी मोत्यासारखं गोळा होऊन बसलं आणि बोटाला चिकट लागलं तर तेल. यातलं काही नाही, वाळल्यावर जागा पांढरट आणि हाताला किंचित खरखरीत, तर दगड खाल्ला गेलाय आणि कुठल्याही धुण्याने तो परत येणार नाही.

आईकडे पहिल्या दोन्ही गोष्टी होत्या. आम्ही वापरला तो धुण्याचा सोडा. खाण्याचा नव्हे, नावं सारखी असली तरी हा कितीतरी तीव्र असतो. जुन्या, खवट झालेल्या तेलातल्या आम्लाशी मिळून तो त्याचाच साबण करतो, आणि चुन्याच्या दगडाला खात नाही. पाच लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे, हातात रबरी मोजे, खिडकी उघडी. ॲल्युमिनियमची भांडी बाजूला, कारण सोड्याने ती काळी पडतात. एकदम सगळ्या खोलीत ओतायचं नाही. चार फूट बाय चार फुटांचा तुकडा ओला केला, दहा मिनिटं ओलाच राहू दिला, मग ब्रशने घासला. शेगडीजवळचा मधासारखा घट्ट थर आधी प्लॅस्टिकच्या जुन्या पट्टीने खरवडावा लागला.

खरं काम त्यानंतर आहे आणि तेच सगळे गाळतात. घाण पाणी वाळायच्या आत वायपरने आणि फडक्याने उचलून बादलीत पिळायचं. पसरवून मोरीकडे ढकलत नेलं तर ते वाटेतल्या सांध्यांत बसतं. मग दोनदा साधं पाणी, दर वेळी नवं, आणि शेवटी कोरडं फडकं. पहिल्या तुकड्यात आम्ही एकदाच पाणी फिरवलं, तर वाळल्यावर पांढरी भुकटी दिसली. तो उरलेला सोडा होता, पुन्हा धुतल्यावर गेला.

तेलाच्या डब्याखालचा गडद डाग तरी राहिला, कारण तेल आत मुरलं होतं. त्यावर खडूची भुकटी सोड्याच्या पाण्यात कालवून बोटभर जाड लेप दिला, वर प्लॅस्टिक लावून कडा चिकटवल्या. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिक काढून लेप पूर्ण वाळू दिला, मग काढला. दोन खेपांत डाग निम्म्याहून फिका झाला, पूर्ण गेला नाही. मुलतानी मातीनेही जमतं, पण फिकट मोझॅकवर तिचा पिवळेपणा राहू शकतो.

राहिले पॉलिशवाले. त्यांच्याबद्दलचं वाक्य अर्धं खरं आहे. मोझॅकच्या शेवटच्या हाताला ते ऑक्झॅलिक ॲसिडची पावडर वापरतात. पण त्याआधी मशीनला जाड ते बारीक दगड लावून पाण्याखाली फरशी घोटलेली असते, आणि हे आम्ल चुन्याशी मिळून न विरघळणारा क्षार करतं, म्हणून घासताना चकाकी येते. संडास साफ करायचं ॲसिड ही वेगळीच चीज. त्यातून तयार होणारा क्षार पाण्यात विरघळून वाहून जातो आणि मागे भोकं राहतात. तेच ब्लीचमध्ये मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, तेव्हा बंद स्वयंपाकघरात हा प्रयोग अजिबात नको. ऑक्झॅलिकही विषारीच, घरी हाताळायची वस्तू नव्हे.

आता आई रोज साध्या पाण्याने दोन बादल्या घेऊन पुसते. एकात फडकं पिळायचं, दुसऱ्यात स्वच्छ पाणी. आठवड्यातून एकदा बादलीत भांड्यांच्या लिक्विडचा चहाचा अर्धा चमचा, आणि मग पुन्हा साधं पाणी. सिंकपुढचा दीड फुटाचा पट्टा मात्र अजून मंद आहे. तिथे दोन वर्षांपूर्वी लिंबू-सोड्याचा प्रयोग झाला होता. पॉलिशवाला म्हणाला, तेवढाच पट्टा केला तर ठिगळासारखा दिसेल, करायची तर सगळी खोली करा.