कोड चालला, पण मोजलं काय?

«कोड टूल जोडलं की मोजणीची चूक उरतच नाही.»

एआय भाषा-मॉडेलला कोड चालवायचं साधन देण्याबद्दलच्या एका लेखातलं हे वाक्य अर्धंच पटलं. मॉडेलला अक्षरं दिसत नाहीत, मजकुराचे तुकडे म्हणजे टोकन दिसतात. त्यामुळे ते मोजण्याऐवजी अंदाज बांधतं. ४७३८ × ६२९१ विचारलं, तर सुरुवातीचे आकडे आणि शेवटचा ८ सहसा बरोबर येतो, पण हातच्यांची गर्दी असलेले मधले आकडे चुकू शकतात. असा गुणाकार कोडकडेच द्यावा: २,९८,०६,७५८, विषय संपला.

अक्षरांचं मात्र तसं नाही. पायथनमध्ये हे चालवून बघा:

```
print(len("विद्यार्थी"))
```

उत्तर १० येतं. आपण वि, द्या, र्थी अशी ३ मोजतो. पायथन वेलांट्या, काना आणि हलंत चिन्हंही सुटी धरतो. कोड चुकला नाही, प्रश्नच ढिला होता. म्हणून नुसतं ‘अक्षरं मोज’ म्हणू नये, जोडाक्षर एक धरायचं की सुटं, हे आधी सांगावं. आणखी एक (लेखात हे राहिलंच): मॉडेल कधीकधी कोड नुसता लिहितं आणि त्याखाली ‘आउटपुट’ मनानेच टाकतं. टूल खरंच चाललं का, हे आधी पाहावं, कारण न चालवलेल्या कोडखालचा आकडाही अंदाजच असतो.