गिलोटिन आणि डॉ. गिलोटिन: खुलासा

“शिरच्छेदाचं यंत्र डॉ. गिलोटिनने शोधलं आणि शेवटी त्याचंच डोकं त्याच यंत्राखाली गेलं.”

असा एक मजकूर सगळीकडे पुढे पाठवला जातो, पण यातल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. जोसेफ गिलोटिन हे पॅरिसचे डॉक्टर आणि फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेचे सदस्य होते. मृत्युदंडच नको, असं त्यांचं मत होतं. त्या काळी सरदारांचा शिरच्छेद होई, तर सामान्य गुन्हेगाराला फाशी मिळे किंवा चाकावर बांधून त्याची हाडं मोडली जात. शिक्षा द्यायचीच असेल तर ती सर्वांना सारखी आणि यंत्राने, कमीत कमी यातना देऊन द्यावी, असा प्रस्ताव त्यांनी 1789 मध्ये मांडला. त्यांचं काम एवढंच.

यंत्राचा आराखडा शल्यचिकित्सक आंत्वान लुई यांचा होता. ते बांधलं टोबियास श्मिट या जर्मन वाद्यकारागिराने. त्याचा पहिला वापर 25 एप्रिल 1792 रोजी पेलेतिए नावाच्या दरोडेखोरावर झाला. सुरुवातीला लोक त्याला लुईंच्या नावावरून ‘लुईझेत’ म्हणत, पण पुढे टिकलं ते गिलोटिन यांचंच नाव. मुळात कल्पनाही नवी नव्हती. इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्स गावात आणि स्कॉटलंडमध्ये अशी पात्याची यंत्रं कितीतरी आधीपासून होती.

फ्रेंच राज्यक्रांतीतल्या दहशतीच्या काळात डॉ. गिलोटिन तुरुंगात गेले, हे खरं. पण ते सुटले आणि 1814 मध्ये पॅरिसमध्ये आजारपणाने वारले. एका भल्या माणसावर हा अन्याय आहे, म्हणून तो मजकूर कृपया पुढे पाठवू नका.