बिफोरसाठी थोडं चुकीचं गा, बेटा

तालुक्याच्या गावी गाण्याचा क्लास टाकलाय आणि अॅडमिशनच येत नाहीत? बसस्टँडसमोर कृषी केंद्राच्या वरची खोली भाड्यानं घेतली, खालून खताच्या पोत्यांचा वास, वर एक पेटी, आणि समोर पोरं मोजून चार? तुमचं कुठं चुकतंय ते सांगते, सर. तुम्ही शिकवत बसलात. शिकवणं नंतर होत राहील, आधी रील काढा.

सुरुवातीच्या तीन सेकंदांत आईबापाला घाबरवायचं. ‘तुमचं मूल दिवसभर मोबाईल बघतं का?’ हे विचारायचं. आई ते मोबाईलवरच बघत असते आणि पोरगं मागून डोकावत असतं, त्याची फिकीर करू नका. लगेच दुसरं वाक्य: ‘दहावीला वाढीव गुण!’ एवढंच म्हणायचं आणि पुढं सरकायचं. ते गुण शासनमान्य संस्थांच्या परीक्षांवर मिळतात, त्या प्रारंभिक, प्रवेशिका अशा एकेक करत द्याव्या लागतात, त्यात वर्षं जातात, आणि तुमच्या सोनेरी काठाच्या सर्टिफिकेटवर अर्धाही गुण मिळत नाही, हे सांगायला तीस सेकंदांत जागा कुठून आणणार?

मग लागतो पुरावा. पुरावा म्हणजे कार्यक्रम. सोयाबीन निघून चार पैसे हातात आले की मंगल कार्यालय घ्यायचं, मागं फ्लेक्स लावायचा, आणि त्या फ्लेक्सवर पोरांपेक्षा तुमचा फोटो मोठा हवा.

नाचाचा क्लास असेल तर फक्त कमरेच्या वरचं शूट करा. तत्कार पायांत असतो आणि पाय चुगली करतात.

गाण्याचा क्लास असेल तर सगळी पोरं एकदम उभी करा आणि ट्रॅक लावा. तोही मूळ गायिकेच्या आवाजासकटचा, म्हणजे रीलमध्ये गोड ऐकू येतं. तो ट्रॅक मोठ्या बाईच्या पट्टीतला असतो. पोरांची पट्टी वेगळी, त्यातही प्रत्येकाची थोडी वेगळी. खालचा सूर लागत नाही म्हणून अर्धी पोरं तिथं नुसते ओठ हलवतात आणि वरच्या सुरावर ओरडतात. पेटी घेऊन बसलात तर पट्टी बदलता येते, ज्याला जिथं झेपतं तिथला सा देता येतो. पण मग ऐकू येतील ती पोरंच. कशाला उगाच जोखीम?

टाळ्या मागाहून टाका. आमच्याकडच्या टाळ्या कमी पडतात, कारण अर्धे लोक हातात मोबाईल धरून आपापल्या पोराचा व्हिडिओ काढत असतात.

आता मुख्य गोष्ट, बिफोर-आफ्टर. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सध्या आमच्या तालुक्यात जी रील फिरतेय तिच्यातला बिफोर आणि आफ्टर दोन्ही माझ्या घरचा आहे.

बिफोर-आफ्टरसाठी एक असं पोर शोधा ज्याला आधीपासून येतं. हे फार सोपं आहे. खेड्यातल्या घरांत असं एखादं निघतंच. आमच्या घरी आबाजी, म्हणजे माझे सासरे, गावच्या भजन मंडळात तीस वर्षं पेटी वाजवतात. तुकडोजी महाराजांची भजनं, खंजिरी, दर गुरुवारी संध्याकाळी देवळात बैठक. माझी लेक तीन वर्षांची असल्यापासून त्यांच्या मांडीला टेकून बसायची. बोलायला नीट यायच्या आधी तिचा हात मांडीवर केरव्याच्या आठ मात्रा मोजत होता. आज ती आठ वर्षांची आहे. ‘सा’ म्हणजे काय हे तिला कोणी समजावून सांगितलं नाही, तिला तो लागतो. आबाजी पेटीवर एक सूर दाबून ठेवतात, ती तिथं जाऊन बसते, संपलं.

तरी आम्ही क्लासला घातलं. का? आबाजी म्हणाले, ‘मले जे येते ते ऐकीव व्हय. हिले शास्त्रातलं शिकू दे.’ तो आमचा शहाणपणा.

२१ दिवसांत सहा तास झाले, आठवड्याला दोन. सहाव्यानंतर लगेच कार्यक्रम. तिनं भूप रागातली छोटी सरगम म्हटली, एकटीनं, ट्रॅकशिवाय. छान म्हटली, माझीच आहे म्हणून सांगत नाही. टाळ्याही खऱ्या होत्या. सर खूश, आम्ही खूश, मंगल कार्यालयातला चिवडाही बरा होता.

चार दिवसांनी स्टेटसवर रील आली. ‘२१ दिवसांपूर्वी’ असं वर लिहिलेलं, आणि माझी पोरगी भिंतीला टेकून बेसूर गातेय. मग धडाम असा आवाज, ‘आज!’, आणि स्टेजवरची तीच सरगम, बारा सेकंद. खाली सरांचा नंबर. ‘मर्यादित जागा.’

मला आधी कळेचना, हा पहिला व्हिडिओ काढला कधी? मग तिचे हात दिसले. हातावर मेंदी. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री मीच काढलेली, अंगठ्याजवळ पसरलेली. २१ दिवसांपूर्वीच्या हातावर कालची मेंदी! मागची भिंतही ओळखीची निघाली, मंगल कार्यालयाच्या स्वयंपाकघराबाहेरची, कोपऱ्यात उपडी घातलेली पातेली. म्हणून, सर, माझा सल्ला ऐका: बिफोर काढताना हात फ्रेमबाहेर ठेवा.

आबाजींना मेंदी दिसली नाही, त्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही. त्यांनी नुसतं ऐकलं. दोनदा ऐकलं आणि म्हणाले, ‘हे पोट्टी बेसूर नाही गाऊन राह्यली. हिनं मुद्दाम मध्यम लावला.’

मला समजेना. त्यांनी पेटी ओढली आणि दाखवलं. भूपात पाचच सूर: सा रे ग प ध. मध्यम आणि निषाद नाहीत. रीलमध्ये ती गंधारावरून वर जाताना पंचमाऐवजी मध्यमावर थांबते. नेमक्या मध्यमावर, जरासुद्धा खाली-वर नाही. आणि पुढच्या ओळीत तीच जागा आली की पुन्हा तोच मध्यम. ‘बेसुरा माणूस असा मोजून चुकते काय?’ ज्याला सूर कळत नाही त्याची चूक दर वेळी दुसऱ्या जागी होते. वर चढताना सूर उतरत जातो, दम संपला की आणखी उतरतो, आणि परत ‘सा’वर आलं की तो सुरुवातीचा सा राहिलेलाच नसतो. हिचा सा शेवटपर्यंत हलला नव्हता. चूक करायलाही तिनं सूर नेमका धरला होता.

लेकीला विचारलं. ती म्हणाली, ‘सर म्हणे थोडं चुकीचं गा, बेटा. मी विचारलं कोणता सूर चुकवू? ते म्हणे कोणताबी चुकव.’

कोणताबी! आठ वर्षांच्या पोरीला कळतं की चुकायचं तर कोणत्या सुरावर हे ठरवावं लागतं, आणि मास्तरांना कोणताबी चालतो.

आता तुमच्या २१ दिवसांचा हिशेब करू, सर. सहा तास, वर्गात चौदा पोरं. सगळा तास एकेकाचं गाणं ऐकण्यातच घालवलात, हजेरी नाही, फीची आठवण नाही, फोन नाही, असं धरलं तरी एका पोराच्या वाट्याला चार मिनिटं येतात. सहा तासांची झाली पंचवीस मिनिटं. तेवढ्यात आमच्या गावाहून तालुक्याला एसटी पोचत नाही. तेवढ्यात पोर गायिका होत नाही, आणि होत नाही यात तुमचा दोषही नाही! पंचवीस मिनिटांत सूर धरायची सवय लागायला सुरुवात होते, बस्स. तेवढंच म्हणाला असतात तरी मी फी भरली असती. ‘तीन महिन्यांत पोराला स्वतःचा सा सापडेल’ असं लिहिलं असतंत तर चार घरी जाऊन सांगितलं असतं.

खरा पुरावा दाखवायचा होता तर काय अवघड होतं? पहिल्याच दिवशी प्रत्येक पोराचा अर्ध्या मिनिटाचा आवाज टिपून ठेवायचा. तीन महिन्यांनी तंबोऱ्याच्या साथीवर, ट्रॅक न लावता, कुठं न कापता, त्याच पोराला पुन्हा गाऊ द्यायचं. मग मधेच तंबोरा बंद करून म्हणायचं, तुझा सा लाव. लागला तर शिकलं. आणि हे मागच्या रांगेतल्या पोराचं दाखवायचं, ज्याला घरी आबाजी नाहीत. पण ते पोर तुमच्या रीलमध्ये नाहीच. त्याचीही फी तेवढीच घेता ना?

आयांनो, तुमच्यावरही राग आहे. पाचजणींनी मला ती रील पाठवली. ‘किती सुधारली गं तुझी!’ आणि त्यातल्या तिघींनी अॅडमिशन घेतली. माझ्या पोरीला घरातून गाताना ऐकलेल्या बाया तुम्ही! गणपतीत तिनं आरती सांगितली तेव्हा तुम्ही कुठं होता? समोरच बसला होता ना?

शाळेत तिला आता ‘बिफोर’ म्हणतात. पोरं भिंतीला टेकून तिची नक्कल करतात. गेल्या गुरुवारी आबाजींनी पेटी उघडली तर ही दारातच बसली. मांडीवर हात नाही, तोंडातून सूर नाही. मला विचारते, ‘आई, मी पहिले खरंच तशी गात होती का?’

सरांना फोन केला. म्हणाले, ‘ताई, तुमच्यामुळे अकरा अॅडमिशन झाल्या. तुम्हाला एक महिन्याची फी माफ.’

मला फी माफ नको, सर. माझ्या लेकीची परवानगी सोडा, माझीही घेतली नाहीत. न गायलेलं तिच्या तोंडून गाऊन घेतलंत आणि ते अख्ख्या तालुक्याला ऐकवलंत. ती रील आज काढा. आणि शनिवारच्या तासाला चौदा पोरांसमोर, आता पंचवीस झाली असतील, त्या पंचवीसांसमोर सांगा, की ते चुकीचं हिला मी गायला लावलं होतं.