ताईला कशाला कोर्टात ओढायचं?

वाटपाचा दावा लावायचं ठरलं आहे ना? मग आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा : दावा म्हणजे भांडण. ज्याच्याशी भांडण आहे तो प्रतिवादी, ज्याच्याशी नाही त्याचा काय संबंध? हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप बिघडत जातं, तुम्हाला वेगळे कष्ट पडत नाहीत.

तुमचंच उदाहरण घेऊ. वडिलांनी स्वतःच्या कमाईतून १५ एकर जमीन घेतली आणि मृत्युपत्र न करता १९८८ साली ते गेले. आई त्यांच्या आधीच गेली होती. मागे तुम्ही तीन भाऊ आणि दोन बहिणी. सातबाऱ्याला थोरल्या दादांचं नाव लागलं, त्यापुढे ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर अशी अक्षरं. बहिणींची नावं तलाठ्यानं रिवाजाप्रमाणे 'इतर हक्क' या रकान्यात टाकली, म्हणजे घरात पाहुण्याची चप्पल ठेवतात तशी, दाराशी. जमीन दादा कसतात, उसाचं बिल दादांच्या खात्यावर येतं, आणि एके दिवशी दादा तुम्हाला म्हणाले, "तुझा इथं काही संबंध नाही." झालं. भांडण दादांशी. धाकटा भाऊ मुंबईला, तो तुमच्या बाजूनं वादी व्हायला तयार. तीन भाऊ, १५ एकर, पाच-पाच एकर. इतका सोपा हिशेब चौथीतलं पोरही करील.

मग वकिलांकडे बसून वंशावळ लिहा. वकील विचारतील, "बहिणी?" तुम्ही ठेवणीतलं उत्तर द्या : "त्या दिल्या घरी सुखी आहेत. त्यांना काही नको." वकिलांनी फार खोदलं तर सांगा, अक्का २०१० सालीच वारली, आता मेलेल्या माणसाचा काय हिस्सा? आणि ताई तर गरीब गाय, तिला कशाला कोर्टात ओढायचं? घरी समन्स गेलं की सासरचे म्हणतील, भावानं बहिणीवर केस केली. हा विचार खरोखर प्रेमाचा आहे, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी वाटपाच्या दाव्यांचा पाया असल्या प्रेमानंच पोखरला आहे.

आता खऱ्या हिशेबाकडे चुकूनही पाहू नका, पण माझा नाइलाज आहे म्हणून सांगतो. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ सालचा. वडिलांच्या स्वकष्टार्जित जमिनीत मुलगा आणि मुलगी सारखेच वारस, हे तेव्हापासूनच. त्यासाठी २००५ ची दुरुस्ती किंवा सुप्रीम कोर्टाचा २०२० चा निकाल शोधायची गरज नाही; तो वाद वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मानं हक्क मिळतो का याचा होता, आणि तोही मुलींच्या बाजूनं संपला. म्हणजे १९८८ साली वडिलांचा श्वास थांबला त्या क्षणी जमिनीचे पाच हिस्से झाले, तीन-तीन एकरांचे. लग्नात किती तोळे घातले, हुंडा किती दिला, हा हिशेब त्यात कुठेच येत नाही.

आणि अक्का? ती २०१० साली गेली, वडिलांच्या नंतर. तिचे तीन एकर तोवर तिचे झालेले होते. ते तिच्या मुलांना आणि नवऱ्याला सारख्या हिश्शानं गेले : भाच्याला एक एकर, भाचीला एक एकर, आणि दाजींना एक एकर. होय, दाजींना. लग्नात ज्यांची समजूत काढता काढता तुमच्या वडिलांचे केस पांढरे झाले ते दाजी तुमच्या वाटपाच्या दाव्यात आवश्यक पक्षकार आहेत. हेच अक्का वडिलांच्या आधी गेली असती, तर भाचा-भाची तिच्या जागी उभे राहून तीन एकर घेते, दाजींना काहीच नाही. म्हणून जाणते वकील वंशावळीत प्रत्येक नावापुढे मृत्यूची तारीख लिहून घेतात आणि दाखला मागतात. तुम्ही तारखा लिहू नका. 'मयत' एवढं पुरे.

कोणी विचारलंच की आवश्यक पक्षकार म्हणजे नेमका कोण, तर सुप्रीम कोर्टानं सांगितलेली कसोटी साधी आहे : ज्याच्याशिवाय परिणामकारक आदेश देताच येत नाही तो आवश्यक. ज्याच्याशिवाय आदेश देता येतो, पण तो समोर असला तर वाद पुरता मिटतो, तो नुसता योग्य पक्षकार. वाटपाच्या दाव्यात कोर्ट आधी प्राथमिक हुकूमनामा करतं, त्यात कोणाचा हिस्सा किती हे अपूर्णांकात लिहितं. खाली तीन लिहायचे की पाच, हे दोन बहिणींच्या शाखा बाहेर ठेवून ठरवणार कसं? आणि ठरवलं तरी ते त्यांच्यावर बंधनकारक नाही. हुकूमनामा कलेक्टरकडे जाईल, मोजणी होईल, बांध पडतील, तुम्ही विहीर काढाल, आणि मग ताई, किंवा भाची, नवा दावा लावून सगळं परत एकत्र करायला लावू शकेल. त्यापेक्षा कोर्टाला दावाच फेटाळलेला बरा वाटतो, यात कोर्टाचं फार चुकतं असं मला तरी वाटत नाही.

वाटपाच्या दाव्यात प्रतिवादी होणं म्हणजे आरोपी होणं नव्हे, हेही ताईला सांगू नका. तिथं प्रत्येक प्रतिवादी एका अर्थानं वादीच असतो; हजर होऊन तोही आपला हिस्सा मागू शकतो. नको असेल तर ताईनं गप्प बसावं, दावा अडत नाही. तिला खरंच काही नको असेल तर तसं सांगायचं काम तिचं, तुमचं नाही, आणि ते दिवाळीला ओवाळताना नाही, तर नोंदणी केलेल्या हक्कसोडपत्रानं. पण एक फोन करून "ताई, समन्स येईल, घाबरू नकोस" एवढं बोलायला जी हिंमत लागते ती दादांवर केस करायच्या हिमतीपेक्षा मोठी, हे मी समजू शकतो.

आता, दाव्यात नावं कमी दिसली तर शोभत नाही. म्हणून ज्यांच्यावर राग आहे त्या सगळ्यांना ओढा. नोंद करणारा तलाठी घ्या. पंचांत दादांची बाजू घेणारा सरपंच घ्या. दादांना पीककर्ज देणारी सोसायटी घ्या, आणि बांधावर उभा राहून हसलेला शेजारी तर हवाच. याला गैरलागू पक्षकार जोडणं म्हणतात, आणि गंमत अशी की कायदा याबाबतीत फारच दयाळू आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या पहिल्या आदेशाचा नववा नियम म्हणतो की फालतू माणूस जोडला किंवा कोणी राहून गेला एवढ्यानं दावा बुडत नाही. दहावा नियम म्हणतो की कोर्ट नको त्याचं नाव वगळेल, हवं त्याचं घालील, कोणत्याही टप्प्यावर. तलाठ्याला त्याच्या सरकारी कामाबद्दल ओढायचं तर मात्र कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस आधी द्यावी लागते. ती न देता ओढलं की तारखा कशा जातात ते तुम्ही स्वतःच बघा.

ही दया ऐकून तुम्ही निर्धास्त झालात ना? तिथंच थांबा, पुढची ओळ वाचू नका. १९७६ च्या दुरुस्तीनं नवव्या नियमाला एक परंतुक जोडलं : आवश्यक पक्षकार राहून गेला असेल तर ही दया लागू नाही. म्हणजे हसणारा शेजारी जोडलात तर दावा वाचतो, ताई राहिली तर बुडतो. तुम्ही नेमकं उलटं केलं आहे, अभिनंदन.

पुढचा टप्पा सोपा आहे, काही न करण्याचा. दादांच्या वकिलांची कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, येईल. तिच्यात कुठेतरी एक बारीक परिच्छेद असेल : वादीनं दोन बहिणींच्या शाखांना सामील केलं नाही, सबब दावा चालण्यास पात्र नाही. न्यायाधीश त्यावर मुद्दा काढतील. या वेळी एक अर्ज देऊन ताई, दाजी, भाचा, भाची यांची नावं घालता येतात. वादपत्रात दुरुस्ती, थोडी प्रोसेस फी, वर फार तर दंडाची किरकोळ रक्कम, की काम झालं. अर्ज देऊ नका. "ही दादांची वेळकाढू चाल आहे" असं म्हणा. साक्षीपुरावा होऊ द्या, उलटतपासात "तुम्हाला बहिणी किती?" या प्रश्नाला "दोन" असं खरं उत्तर द्या, आणि निकालाची वाट पाहा.

तुम्ही एकटे नाही. कनकरत्नम्माळ खटल्यात सुप्रीम कोर्टानं मान्य केलं की मालमत्ता वादी बाईंच्या आईची होती. म्हणजे मुख्य वाद त्या जिंकल्या. पण त्यांचे दोन भाऊही तितकेच वारस होते आणि त्यांना दाव्यात घेतलेलं नव्हतं. खालच्या कोर्टानं हे आधीच दाखवून दिलं होतं, तरी बाई हलल्या नाहीत. दावा फेटाळला गेला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती गजेंद्रगडकर आपल्या साताऱ्याचे. हे दुर्दैवी आहे असं त्यांनी लिहिलं, आणि तरीही फेटाळला. हा निकाल एआयआर या निकालसंग्रहाच्या १९६५ च्या सुप्रीम कोर्ट विभागात पान २७१ वर आहे, आणि दादांच्या वकिलांच्या टेबलावरही असणार.

शहाणा शेजारी तुम्हाला सांगेल की अमक्यानं एकट्यानं दावा लावून भाडेकरू काढला, तिथं कुठे सगळे भाऊबहीण लागले? खरं आहे. भाडेकरू किंवा अतिक्रमण करणारा काढायचा तर एक सहमालक सगळ्यांच्या वतीनं उभा राहू शकतो, बाकीच्यांची हरकत नसली म्हणजे झालं. तिथं आपसांत वाटणी व्हायची नसते. हा फरक विसरा आणि शेजाऱ्याचं ऐका.

दावा फेटाळला तरी निराश होऊ नका. पक्षकार नव्हते म्हणून फेटाळलेला दावा गुणदोषांवर निकाली निघालेला धरत नाहीत. सगळ्यांना घेऊन नवा दावा लावता येतो. नवी कोर्ट फी, नवं वकीलपत्र, नवी समन्सं. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतून आपल्याला वगळलंय हे कळल्यापासून हिस्सा मागायला १२ वर्षं, ही मुदत तेवढी मोजून घ्या. मोजायला सोपी आहे. "तुझा इथं काही संबंध नाही" असं दादा ज्या दिवशी म्हणाले, ती तारीख तुम्ही पहिल्याच वादपत्रात, दाव्यास कारण कधी घडलं या सदराखाली, स्वतःच्या सहीनिशी लिहून ठेवली आहे. दादांच्या वकिलांना ती शोधावी लागणार नाही.