तीन आहेत, दोन आहेत, खा की!

प्यादं खाल्लं नाही म्हणून मला परवा "भित्रा" ठरवण्यात आलं. ठरवणारे गृहस्थ खेळत नव्हते, बाजूला उभे राहून मोजत होते. चालू डावात प्रेक्षकांनी तोंड उघडू नये असा बुद्धिबळाचा नियम आहे. पण तो नियम पाळण्याइतका वेळ त्यांच्याकडे नव्हता, कारण त्यांची दोन्ही हातांची बोटं कामात होती.

आधी पट सांगतो, नाहीतर माझी तक्रार कळणार नाही. डी५ या घरात काळ्याचं प्यादं. माझा पांढरा घोडा सी३वर, हत्ती डी२वर आणि त्याच्या मागे वजीर डी१वर. काळ्याचा घोडा एफ६वर आणि एक प्यादं ई६वर, म्हणजे डी५ला दोघांचा जोर. गृहस्थांनी डाव्या हाताची तीन बोटं वर केली, उजव्या हाताची दोन. मग दोन्ही हात माझ्या नाकासमोर आणले. "तीन. दोन. खा की!"

आता मोजणी चूक होती का? नव्हती, आणि तेच जास्त झोंबतं. मारणारे राखणाऱ्यांपेक्षा निदान एकाने जास्त हवेत, बरोबरी असेल तर प्यादं टिकतं, हे अगदी खरं. हत्तीमागचा वजीरही त्यांनी धरला होता, तेही बरोबर. हत्ती पुढे जाऊन मेला की ती उभी पट्टी वजिराला मोकळी होते. (इथवर येणाऱ्या लोकांचं मला कौतुक आहे. बरेच जण ज्याच्यावर हल्ला आहे त्या डी५च्या प्याद्यालाच राखणदारांत धरतात. ते बिचारं पहिल्याच घासात जाणार, ते कोणाला राखणार? आणि काही जण राजालाही मारणाऱ्यांत मोजतात. राजाला चालतं, पण सगळ्यात शेवटी, त्या घरावर शत्रूचा एकही जोर उरला नसेल तेव्हाच.)

"काका," मी म्हटलं, "किंमत धरा ना. प्यादं एक, घोडा आणि उंट तीन-तीन, हत्ती पाच, वजीर नऊ."

"किंमत नंतर," ते म्हणाले. "आधी माणसं मोजायची."

"माझा घोडा प्यादं खातो. मला एक मिळाला. ई६चं प्यादं माझा घोडा खातं. तीन गेले."

"मग हत्तीने खा."

"खाल्लं. आणखी एक मिळाला. एफ६चा घोडा माझ्या हत्तीला खातो. पाच गेले."

"मग वजिराने खा! घर तुझंच!"

घर माझंच, खरं आहे. माझा वजीर डी५वर ऐटीत उभा, आजूबाजूला कोणी नाही. मिळालं काय? दोन प्यादी आणि एक घोडा, म्हणजे पाच. गेलं काय? घोडा आणि हत्ती, म्हणजे आठ. तीनचा तोटा. पहिल्या घासानंतरच हात आखडला तरी दोनचा तोटा आहेच. म्हणजे ही मारामारी सुरूच करायची नाही. हे मी शांतपणे सांगितलं. त्यावर त्यांनी आपल्या बोटांकडे पुन्हा एकदा बघितलं, जणू बोटांनी दगा दिला असावा, आणि म्हणाले, "पण शेवटी तुझा वजीर उरतो ना!"

या वाक्याला उत्तर नाही. ज्याने घर जिंकलं तो डाव जिंकला असं मानणाऱ्या माणसाला बेरीज शिकवणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरणं. शेजारचे दोघं मात्र माना डोलावत होते. मोठ्या आवाजात मोजलं की ते लोकांना बरोबर वाटतं, आणि हळू आवाजात वजाबाकी करणारा भित्रा.

गंमत अशी की गृहस्थांचं तीन-दोन थोड्याशा फरकाने सोळा आणे खरं ठरतं. ई६वरचं प्यादं उचला आणि त्याऐवजी काळ्याचा हत्ती डी८वर ठेवा. राखणदार तरीही दोनच. घोडा खातो, घोडा खातो, हत्ती खातो, हत्ती खातो, वजीर खातो. मला मिळाले एक, तीन आणि पाच, म्हणजे नऊ, गेले आठ. एक प्यादं निव्वळ नफा. काळ्याने मध्येच थांबायचं ठरवलं तरी माझं एक प्यादं जास्तच राहतं. काय बदललं? राखणारा स्वस्त होता, तो महाग झाला. स्वस्त राखणदार असेल तर तुमचं महाग मोहरं प्याद्याच्या तोंडी जातं. म्हणून बोटं वर करण्याआधी समोरचा पहिल्यांदा कशाने खाणार, एवढं बघायचं.

दुसरी भानगड रांगेची. याच हत्तीवाल्या पटात माझा वजीर डी२वर आणि हत्ती त्याच्या मागे डी१वर असेल तर? बोटं तीच, तीन आणि दोन. पण आता घोड्यानंतर वजिराला पुढे व्हावं लागतं, कारण हत्ती त्याच्यावरून उडी मारू शकत नाही. मिळणार नऊ, जाणार तीन आणि नऊ, म्हणजे बारा. स्वस्त मोहरं आधी हा नियम पाळायची इच्छा असली तरी रांग पाळू देत नाही. अशा वेळी काही चाली खर्चून हत्ती पुढे आणावा. तेवढ्यात काळा आणखी एक राखणदार आणेल, आणतोच.

आणि तिसरी, पिन. पुन्हा ई६चं प्यादं परत ठेवा, डी८चा हत्ती काढा. काळ्याने किल्लेबंदी केलेली नाही, राजा ई८वरच आहे, ई७ रिकामं आहे आणि माझा दुसरा हत्ती ई१वरून मोकळ्या पट्टीतून थेट ई६वर रोखलेला आहे. आता ते प्यादं डी५वर खाऊच शकत नाही. हललं तर राजाला शह. बोटं दोन दाखवतात, राखणारा खरा एकच. घोडा खातो, घोडा खातो, हत्ती खातो, आणि ई६चं प्यादं नुसतं बघत बसतं. एक प्यादं फायदा. परवा हा हत्ती ई१वर नव्हता. असता तर मी खाल्लं असतं आणि गृहस्थांनी ते स्वतःचं श्रेय मानलं असतं, हे वेगळं.

"इतका विचार केलास तर घड्याळ संपेल," असंही ते जाता जाता म्हणाले. नाही संपत. किमती पाठ असल्या की ही बेरीज चहा गाळायच्या आत होते. वेळ खरा लागतो तो साखळी संपल्यावर कोण कुठे उभं आहे हे बघायला, आणि ते बोटांवर येतच नाही.

उदाहरणार्थ, तोच हत्तीवाला, एका प्याद्याच्या नफ्याचा पट घ्या. काळ्याचा वजीर ई७वर आहे, ई पट्टी पूर्ण मोकळी आहे, माझा राजा जी१वर आणि त्याच्यासमोर एफ२, जी२, एच२ ही तिन्ही प्यादी जागची हललेली नाहीत. माझ्याकडे दुसरा हत्ती नाही. साखळी पूर्ण होते, माझा वजीर डी५वर पोचतो, हिशेबात अधिक एक. आता चाल काळ्याची. वजीर ई१वर येतो आणि मात होते. पहिली रांग राखणारा वजीर मीच वर पाठवलेला असतो. आधी एच३ खेळून राजाला एच२चं घर मोकळं करून ठेवलं असतं तर तेच प्यादं पचलं असतं. पण एच३ खेळलं की बाजूने आवाज येतो, "अरे, खायचं सोडून हे काय?"